पाव्हण्याचं इंजन

जुना ट्रॅक्टर इकणारा माणूस आधी शपथ घेतो. धाराशिवात शपथेला काय तोटा? तुळजापूर जवळ हाय. "आई भवानीची आन, मालक, ह्या इंजनाला आजवर पाना लागला न्हाय." बरं बाबा, म्या म्हणतो, आन् गुमान इंजनावर हात ठेवतो. सकाळी बघायला येतो म्हणून आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं, आन् इंजन गरम! म्हंजी ह्यानं पहाटंच फिरवून आणलाय. गार इंजन सुरू व्हताना धूर खरं बोलतो, म्हणून आधीच गरम करून ठेवायचं. शपथेला पैसा पडत न्हाय. ती चोरबी घेतो आन् सावबी घेतो, मग शपथेवरनं कुणाला काय कळणार, डोंबल?

माझं नाव रामकिसन. गावाबाहेर, तुळजापूर रोडला माझं जुन्या ट्रॅक्टरचं आवार हाय. मागं पत्र्याचं शेड, शेडात पंचाक्षरी मिस्त्री, आन् शेडाला लागून आमचं घर. माझी बायको महानंदा म्हणती, "लोकाला संशयाचा रोग असतो, तुमाला संशयाचा धंदा हाय." म्हणू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

ह्या धंद्याच्या आधी म्या जनावरांचा विमा काढायचो. तिथंच माझा माणसावरचा विश्वास उडाला. गावात गेलो की लोक कुठली म्हैस फुडं करायचे? जिनं वैरण सोडलीय ती. धडधाकट म्हशीचा मालक म्हणायचा, "आमाला कशाला विमा, माझी वाघीण हाय." मरायला टेकलेलीच जनावरं विम्यात आली, म्हणून हप्ता वाढला. हप्ता वाढला तसे उरलेसुरले चांगल्या जनावरांचे मालकबी निघून गेले. शेवटी माझ्या यादीत नुसत्या हाडाच्या मोळ्या राहिल्या. आन् एकदा जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला बसला की मालक ढिला पडायचा. आधी वीज कडाडली तर उघड्या अंगानं गोठ्याकडं पळणारा गडी, बिल्ल्यानंतर कूस बदलून म्हणायचा, "ऱ्हाऊ दे, विमा हाय की."

म्हणलं, जनावर नको, लोखंड बरं. लोखंड खोटं बोलत न्हाय. पण लोखंडाचा मालक बोलतो, हे ध्यानात यायला मला येळ लागला.

जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात तर अंधारच हुता. गिऱ्हाईक यायचं, नवा रंग बघून नाक मुरडायचं आन् म्हणायचं, "वरून कीर्तन, आतून तमाशा. ह्याला काय किंमत देणार?" त्याचं तरी काय चुकलं? दहात सहा ट्रॅक्टर खरंच आतनं पोखरलेले असायचे, आन् कुठले सहा ते बाहेरनं कळायचं न्हाय. मग तो सगळ्यांनाच मधला भाव द्यायचा. मधल्या भावात पोखरलेल्याचा मालक खूष, चांगल्याचा मालक बोंब मारतो. म्हणून चांगला ट्रॅक्टर बाजारात येतच नव्हता. भावकीत नायतर सोयऱ्यात परस्पर जायचा. बाजारात यायचं ते खोकड. गिऱ्हाइकाला हे कळलं की तो भाव आणखी पाडायचा, मग जरा बरे हुते तेबी यायचे थांबायचे. आवारात माझ्या एक ट्रॅक्टर हुता, लई निर्मळ. उन्हात उभा राहून टायर तडकाय लागले, पण त्याला कुणी त्याचा भाव दिला न्हाय. राग यायचा मला. च्यायला, खरं बोललं तरी खोट्याचाच भाव!

मग एक दिवस म्या पाटी लावली: "इंजन, गिअरबॉक्सची सहा महिने गॅरंटी. बिघडलं तर रामकिसन भरून देणार."

महानंदा म्हणली, "येड लागलं का? बुडाल."

"खोकड इकलं तर बुडीन," म्या म्हणलं. "म्हणूनच तर लोक इस्वास ठेवतील."

तसंच झालं. पंचाक्षरी प्रत्येक इंजन उघडायचा, खालचा ऑइलचा चेंबर उतरवून, वरचं हेड काढून. जे पास व्हईल तेच पाटीखाली उभं. लोक म्हणले, हा माणूस उगंच कशाला स्वतःच्या गळ्याला फास लावून घेईल? भाव चढला. समोरच्या आवारवाल्यानंबी तशीच पाटी लावली. त्याचा सगळा माल रंगरंगोटीचा. दोन इंजनं पदरच्या पैशानं बांधून दिली आन् तिसऱ्याला पाटी उतरवली. लई हसलो म्या. आन् खरी गंमत ही की चांगल्या ट्रॅक्टरचे मालक आपणहून माझ्याकडं यायला लागले. हिथं त्यांना त्यांच्या मालाचा भाव मिळत हुता.

पण सुख म्हणलं की त्याच्या मागं रणधीर येतोच. पलीकडच्या गावचा तरणा गडी, गॅरंटीसकट ट्रॅक्टर घेऊन गेला. सहा महिने भरायच्या आतच इंजन जाम झालं म्हणून दोरीनं ओढत घेऊन आला.

"ऑइल कधी बघितलंस?" म्या इचारलं.

"म्या कशाला बघू? गॅरंटी हाय की!"

पंचाक्षरीनं मागचा हूक दाखवला. हुकाचं भोक घासून आरशावाणी चकचकीत झालेलं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढल्याशिवाय हूक असा घासत न्हाय. बिल्ला लावलेल्या म्हशीचीच गत. माझ्या गॅरंटीच्या जिवावर ह्यानं इंजनाचा जीव घेतला. शब्द दिला हुता, म्हणून दात-ओठ खाऊन इंजन बांधून दिलं. पण त्या दिवसापास्नं म्या गिऱ्हाइकाकडं चोराकडं बघावं तसं बघायला लागलो.

नियम केले. दर महिन्याला ऑइल आवारातच तपासायचं, न्हायतर गॅरंटी संपली. खर्चाचा चौथा हिस्सा गिऱ्हाइकाचा, म्हंजी त्यालाबी चटका बसावा. चेंबरच्या, हेडच्या नटांवर पिवळी रेघ, परस्पर कुणी उघडलं तर रेघ मोडती. आन् सगळ्यात मोठं, दोन भाव. गॅरंटीसकट घ्या तर जास्त, बिनगॅरंटी घ्या तर कमी. ज्याला जपून वापरायचा हाय तो कमी भावाचा घेतो. ज्याच्या मनात दोन ट्रॉल्या हायेत तो गॅरंटी मागतो. माणूस तोंडानं सांगत न्हाय, पण कुठला भाव घेतला त्यावरनं सांगून जातो. म्या तर खूष हुतो स्वतःवर.

आन् नेमकं त्याच येळंला हिंमतराव आले.

हिंमतराव म्हंजी महानंदाचा थोरला भाऊ. मोठी शेती, डोक्यावर पांढरी टोपी, चार माणसांत शब्दाला मान. आई-बाप गेल्यावर महानंदाचं माहेर म्हंजी तेच. त्यांनी त्यांचा ट्रॅक्टर आवारात आणून उभा केला आन् म्हणले, "दाजी, बाहेर इकला असता, पण म्हणलं घरचा माल घरात."

पंचाक्षरी पाना घेऊन आला. म्या त्याला डोळ्यानंच थांबवलं. आमच्यात पाव्हण्याचा माल तपासत न्हाईत. सोयऱ्यानं आणलेल्या ज्वारीचं पोतं मापून घेत न्हाईत, त्यानं ठरवलेल्या सोयरिकीत जास्त इचारत न्हाईत. इंजन उघडायचं म्हंजी तोंडावर म्हणायचं, तुमी चोर असाल. महानंदा चहा घेऊन दारात उभी हुती. तिच्या तोंडाकडं बघितलं आन् पाना परत पेटीत गेला. पंचाक्षरी नुसता म्हणला, "मालक, पाटी सगळ्यांना सारखीच हाय ना?" म्या त्याच्यावर खेकसलो. सगळ्या जगावर संशय घेणारा म्या, आन् हिथं डोळं मिटून मोकळा झालो.

तो ट्रॅक्टर गेला गोरोबाकडं. गोरोबा येडशीकडचा, शेरडं राखून राखून थोडी जमीन केलेला माणूस. आयुष्यातला पहिला ट्रॅक्टर. दोन्ही भाव सांगितले तर म्हणला, "मला गॅरंटीवालाच द्या."

म्या कान टवकारले. "ऊस वाहणार?"

"न्हाय जी. माझ्याकडं कुठला ऊस? नुसती नांगरट, पेरणी."

"मग गॅरंटी कशाला? बिनगॅरंटी स्वस्त पडंल."

"भ्या वाटतं," तो म्हणला. "बिघडला तर दुसरा घ्यायची ऐपत न्हाय माझी."

भ्या वाटतं म्हणं! म्या मनात म्हणलं, बेट्या, रणधीरबी असाच गरीब गाईवाणी बोलायचा. पण ट्रॅक्टर दिला.

दोन महिने गोरोबा ऑइल तपासून घ्यायला येडशीवरनं ट्रॅक्टर चालवत आला. ऑइल एकदम निर्मळ. तिसऱ्या महिन्यात फोन आला, नांगरता नांगरता पांढरा धूर आला आन् इंजन बंद पडलं. म्या पंचाक्षरीला घेऊन गेलो. वाटंत सारखा त्याला म्हणत हुतो, "बघ, हूक चकाकत असंल. लिहून देतो."

हुकावर गंज हुता. तसाच्या तसा, बोट लावलं तर तांबडं लागत हुतं. पिवळ्या रेघा शाबूत. क्लचची प्लेट न घासलेली. गोरोबाची बायको दैवशाला तिथंच उभी हुती, म्हणली, "मालक, आमी त्याला लेकरावाणी ठिवलाय. रातच्याला पोतं टाकून झाकतो." म्या हूं केलं. तरी मनात किडा वळवळतच हुता, कुठंतरी ह्यांनी काहीतरी केलंच असणार. ट्रॅक्टर ओढून आवारात आणला.

पंचाक्षरीनं चेंबर खाली घेतला. ऑइल दुधाळ झालेलं. पाणी शिरलेलं. हेड काढलं, मग इंजनाच्या ब्लॉकचा रंग खरवडला. रंगाखाली बुजवणीचा मसाला, मसाल्याखाली जुनी वेल्डिंग, आन् वेल्डिंग सोडून वर आलेली भेग. वेल्डिंग काळी पडलेली. ती गोरोबाच्या दोन-तीन महिन्यांतली नव्हती.

"रेडिएटरमधी भेग बुजवायची पावडरबी हाय," पंचाक्षरी म्हणला. "पहिल्या दोन-तीन महिन्यांत कळू नये म्हणून टाकत्यात."

सगळ्या गिऱ्हाइकांना गाळणीतनं गाळलं, आन् इकणाऱ्यात एकच माणूस न गाळता घेतला, तोच हा.

महानंदा शेडाच्या दारात उभी हुती. तिला सगळं ऐकू गेलं हुतं. ती म्हणली, "दादाला ठाऊक नसंल. आधीच्या मालकाचं असंल ते."

"असंल," म्या म्हणलं.

गोरोबाला इंजन बांधून दिलं, दुसरा ब्लॉक टाकून. चौथा हिस्सा मागितला न्हाय. दोष आधीचाच असंल तर त्याच्याकडनं कशाचा हिस्सा? तो सारखा हात जोडत हुता, त्याची मला जास्तच लाज वाटली. त्या दिवसापास्नं आमच्या घरात हिंमतरावांचं नाव निघंना. ती काढायची न्हाय, म्या काढायचो न्हाय. पण दोघांच्याबी डोक्यात तेच. त्यांना ठाऊक हुतं का नव्हतं? ठाऊक नसंल तर म्या फुकट मनात पाप धरतोय. ठाऊक असंल तर महानंदाला माहेर कुठलं उरलं?

मग हिंमतराव स्वतःच आले. दुसरा ट्रॅक्टर घेऊन.

नवा रंग, चाकांना काळं पॉलिश. खाली उतरून टोपी नीट करत म्हणले, "दाजी, हा तर पहिल्यापेक्षा लाख पटीनं चांगला. पाटीखाली उभा करा, गॅरंटीचा भाव येईल."

महानंदानं आतनं हाक दिली, "दादा, आधी जेवून घे, पोळ्या केल्यात." आवाज असा गोड, की जणू काही झालंच न्हाय.

पण म्या म्हणलं, "भाऊ, उभा करतो. फक्त पंचाक्षरी इंजन उघडंल. आता नियमच हाय, कुणाचाबी असू दे."

हिंमतरावांचं हसू जिथल्या तिथं थांबलं. "माझा उघडणार?"

"मागच्या वक्ताला उघडला न्हाय. ब्लॉकला जुनी वेल्डिंग निघाली."

"मला काय ठाऊक? म्याबी दुसऱ्याकडनंच घेतला हुता."

"झालं तर मग. तुमाला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं. आता दोघांनाबी ठाऊक झालेलं बरं."

"दाजी, चार लोकांत माझ्या गाडीला पाना लावणार तुमी? पाव्हण्याचा अपमान करणार?"

रस्त्याकडंला चहा पिणारे दोघं-तिघं उठून जवळ आले. म्या काय बोलणार तवर महानंदा बाहेर आली. हाताला पीठ तसंच.

"दादा," ती म्हणली, "उघडू दे ना. चांगलाच हाय तर काय बिघडलं? उलट ह्यांच्या तोंडाला कुलूप लागंल."

म्या तिच्याकडं बघतच राहिलो. ती माझ्यासाठी बोलत नव्हती. तिला तिचा भाऊ सोडवायचा हुता. इंजन निर्मळ निघालं असतं तर मागचंबी धुऊन गेलं असतं, आधीचा मालक चोर ठरला असता आन् तिचं माहेर राहिलं असतं. खरं सांगतो, मलाबी तेच पाहिजे हुतं. देवा, एवढ्या एका वक्ताला माझा संशय खोटा काढ, असं म्या मनात म्हणत हुतो.

"उघड म्हण ना, दादा," ती परत म्हणली. आता आवाज बारीक झाला हुता.

हिंमतरावांनी तिच्याकडं बघितलं न्हाय. माझ्याकडं बघितलं, पंचाक्षरीच्या हातातल्या पान्याकडं बघितलं. मग ट्रॅक्टरवर चढले, चावी फिरवली. "ज्या दारात इस्वास न्हाय, त्या दारात पाणी प्यायचं न्हाय," म्हणले आन् आवाराबाहेर काढला. कुणी काही उघडलं न्हाय, पण सगळ्यांना आतलं दिसलं.

महानंदा रस्त्याकडं बघत उभी राहिली. मग म्हणली, "आता पंचमीला न्यायला येईल का ओ तो?"

"येईल की," म्या म्हणलं. मला ठाऊक हुतं म्या खोटं बोलतोय.

पंचमीला कुणी आलं न्हाय. आळीतल्या पोरी झोक्यावर, हिनं दिवसभर घरातली भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

पण बातमी पसरली. चहावाल्याकडनं बाजारात, बाजारातनं तालुक्यात. रामकिसननं मेव्हण्याला सुद्धा सोडलं न्हाय, सोयरिक मोडली पण पाटी मोडली न्हाय. मागं इंजनं बांधून दिली तवा जेवढा इस्वास बसला नव्हता, तेवढा ह्या एका गोष्टीनं बसला. लोक चांगले चांगले ट्रॅक्टर घेऊन दारात येऊन उभे राहायला लागले आन् आपणहून म्हणायला लागले, "मालक, आधी उघडा." आवारात जागा पुरंना. पंचाक्षरीला हाताखाली माणूस द्यावा लागला.

परवा कळंबकडनं एक गिऱ्हाईक आलं. हणमंतप्पा नावाचे म्हातारे. दोन्ही भाव ऐकून घेतले, खाटंवर बसले, खूष हुते. महानंदा चहा घेऊन आली. म्हातारे कौतुकानं म्हणले, "तुमच्या मालकांची लई कीर्ती ऐकली, बाई. मेव्हण्याचंबी इंजन उघडलं म्हणं!"

महानंदानं कप त्यांच्या हातात दिला. "उघडलं न्हाय, आजोबा," ती म्हणली. "माझ्या भावानं उघडू दिलं न्हाय."

आन् आत निघून गेली. हणमंतप्पांनी घासाघीस न करता गॅरंटीचा भाव दिला. म्या पैसे घेतले.